अखंड चालणाऱ्या कारखान्यातील फिरत्या पाळ्यांची रचना : एक विवेचन

१. प्रस्तावना

काचेची भट्टी एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षे विझवता येत नाही. विझवल्यास आतील वितळलेली काच गोठते आणि भट्टीच्या विटांना तडे जातात. सिमेंटची फिरती भट्टी, कागद गिरणीचे यंत्र, पोलाद कारखान्यातील झोतभट्टी, रासायनिक कारखान्यातील ऊर्ध्वपातनाचे मनोरे यांची स्थिती कमीअधिक प्रमाणात अशीच असते. अशा कारखान्यात दिवसाचे चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस माणसे कामावर असावी लागतात. एकच मनुष्य कायम रात्री काम करू इच्छीत नाही आणि कायम रात्री ठेवणे न्याय्यही नसते. त्यामुळे पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी आणि सुट्टी आळीपाळीने सर्वांच्या वाट्याला येतील अशी फिरती रचना करावी लागते.

ही रचना कारखान्यात बहुधा टाइम ऑफिसमधील एखादा अनुभवी लिपिक करतो आणि ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. ती केवळ सोयीची बाब आहे असा समज रूढ आहे. वस्तुतः तिच्यामागे एक काटेकोर अंकगणित आहे आणि त्या अंकगणितात कामगाराची झोप दडलेली आहे. वेळापत्रकाची गुणवत्ता त्यातील सुट्ट्यांच्या संख्येवरून ठरत नाही; एक पाळी संपून दुसऱ्या प्रकारची पाळी सुरू होते त्या सांध्यावर किती तास मोकळे राहतात, यावरून ती ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रत्येक पाळीत बारा जागा असलेला एक काल्पनिक भट्टी विभाग उदाहरणादाखल घेतला आहे. पाळ्यांच्या वेळा महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत नित्य आढळणाऱ्या, म्हणजे सकाळी ७ ते दुपारी ३, दुपारी ३ ते रात्री ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७ अशा धरल्या आहेत.

२. तासांचा हिशेब

आठवड्याचे एकूण तास १६८ असतात. कामगारांच्या तीनच तुकड्या केल्या आणि कारखाना अखंड चालवला, तर प्रत्येक तुकडीच्या वाट्याला आठवड्याचे ५६ तास येतात, आणि सुट्टी एकही मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये संमत केलेल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा घातली. मात्र अखंड प्रक्रियांसाठी सरासरी ५६ तासांची सवलत ठेवली. ही ५६ ची संख्या कोठून आली याचे कोडे वरील भागाकाराने उलगडते. १६८ ला तीनने भागले की ५६ येतात. तीन तुकड्यांवर चालणाऱ्या कारखान्यांचे वास्तव त्या करारात जसेच्या तसे उतरले होते.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ ने ही वाट बंद केली. प्रौढ कामगारासाठी आठवड्याचे ४८ तास आणि एक पूर्ण दिवस साप्ताहिक सुट्टी हे नियम त्याने घालून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० मध्येही दिवसाचे आठ तास आणि आठवड्यातून सहा दिवसांहून अधिक काम नाही, हे सूत्र कायम आहे. तेव्हा आपल्याकडील हिशेब १६८ भागिले ४८ असा मांडावा लागतो आणि उत्तर साडेतीन येते. प्रत्येक जागेसाठी साडेतीन माणसे लागतात.

अर्धा मनुष्य नेमता येत नाही, परंतु दोन जागांसाठी सात माणसे नेमता येतात. आपल्या बहुतेक अखंड कारखान्यांतील प्रचलित पद्धत हीच आहे. दोन जागांवर तीन पाळ्यांची मिळून सहा नियमित माणसे असतात. त्यांपैकी प्रत्येकजण आठवड्यातून एकेक दिवस सुट्टी घेतो आणि त्या सहा रिकाम्या दिवसांवर सातवा मनुष्य, म्हणजे रिलीव्हर, उभा राहतो. सातव्या दिवशी सहाही नियमित कामगार हजर असतात, म्हणून रिलीव्हरला सुट्टी मिळते. आपल्या भट्टी विभागात बारा जागांसाठी छत्तीस नियमित आणि सहा रिलीव्हर मिळून बेचाळीस माणसे लागतील. कागदावर हा हिशेब निर्दोष आहे. दोष दिसू लागतो तो माणसाच्या एका आठवड्याकडे पाहिल्यावर.

या सातव्या माणसाचा आठवडा पाहू. सोमवारी व मंगळवारी तो पहिल्या पाळीतील दोघांच्या सुट्ट्या भरून काढतो, बुधवारी व गुरुवारी दुसऱ्या पाळीतील, शुक्रवारी व शनिवारी रात्रपाळीतील. रविवार त्याची सुट्टी. परंतु शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी ७ वाजता संपते आणि सोमवारची पहिली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. त्याची सुट्टी बरोबर चोवीस तासांची आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास, अशी व्याख्या जुन्या अधिनियमात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे कायद्याचे पालन झाले. प्रत्यक्षात मात्र रविवारचा दिवस रात्रीचे जागरण भरून काढण्यात जातो, संध्याकाळचे काही तास कुटुंबासाठी उरतात आणि सोमवारी पहाटे साडेपाचला पुन्हा उठावे लागते.

३. पाळी फिरण्याची दिशा

नियमित छत्तीस कामगारांची स्थिती याहून बरी असेल असे वाटते. ते आठवडाभर एकाच पाळीत असतात आणि सोमवारी पाळी बदलते. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पाळी कोणत्या दिशेने बदलावी? पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर रात्रपाळी, रात्रपाळीनंतर पुन्हा पहिली, ही पुढे सरकणारी दिशा होय. रात्रपाळीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली, पहिलीनंतर रात्रपाळी, ही मागे सरकणारी दिशा होय. पुष्कळ कारखान्यांत मागे सरकणारी दिशा रूढ झाली. ती का रूढ झाली, हे सांध्यांवरील तास मोजल्यावर कळते.

साप्ताहिक सुट्टी रिलीव्हरच्या साहाय्याने आठवड्याच्या मध्ये कोठेतरी दिलेली आहे आणि सर्वांची पाळी सोमवारी बदलते असे धरू. पुढे सरकणाऱ्या दिशेत पहिल्या पाळीचा कामगार रविवारी दुपारी ३ ला सुटतो आणि सोमवारी दुपारी ३ ला दुसऱ्या पाळीला येतो. त्याला २४ तास मिळतात. दुसऱ्या पाळीचा रविवारी रात्री ११ ला सुटून सोमवारी रात्री ११ ला रात्रपाळीस येतो. त्यालाही २४ तास मिळतात. परंतु रविवारच्या रात्रपाळीचा कामगार सोमवारी सकाळी ७ ला सुटतो आणि त्याच क्षणी त्याची पहिली पाळी सुरू होते. त्याला शून्य तास मिळतात. ही रचना अशक्य आहे.

मागे सरकणाऱ्या दिशेत रात्रपाळीचा कामगार सोमवारी सकाळी ७ ला सुटून त्याच दिवशी दुपारी ३ ला परत येतो. ८ तास मिळतात. दुसऱ्या पाळीचा रविवारी रात्री ११ ला सुटून सोमवारी सकाळी ७ ला येतो. पुन्हा ८ तास. पहिल्या पाळीचा रविवारी दुपारी ३ ला सुटून सोमवारी रात्री ११ ला येतो, ३२ तास. ही रचना कष्टाची आहे, पण शक्य आहे.

दोन्ही दिशांतील बेरीज पाहण्यासारखी आहे. २४, २४ आणि ० मिळून ४८ होतात; ८, ८ आणि ३२ मिळूनही ४८ च होतात. दिशा बदलल्याने विश्रांतीचे तास वाढत नाहीत, केवळ त्यांची वाटणी बदलते. मागे सरकणारी दिशा कोणाच्याही आवडीमुळे रूढ झाली नाही. तीन तुकड्यांवर रिलीव्हरची ठिगळे लावून कारखाना चालवायचा, तर सोमवारचा सांधा जुळवण्याची ती एकच वाट उरते. परंतु या आठ तासांत घरी जाणे, जेवणे, झोपणे, आवरणे आणि परत येणे एवढे सर्व बसवायचे असते. त्यातून झोपेसाठी चार-पाच तासही हाती लागणे कठीण.

शरीरशास्त्राचा कौलही या दिशेच्या विरुद्ध आहे. मनुष्याचे आंतरिक घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब आवर्तनाचे असते. त्यामुळे झोपेची वेळ पुढे ढकलणे बहुतेकांना तुलनेने सोपे जाते. ती अलीकडे आणणे अवघड जाते. पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर रात्रपाळी या क्रमात झोप दर वेळी पुढे ढकलली जाते. चार्ल्स झाइसलर, मार्टिन मूर-ईड आणि रिचर्ड कोलमन यांनी अमेरिकेतील युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक परिसरातील एका खनिज कारखान्यात केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला मागे सरकत असत. त्या पुढे सरकवल्या आणि बदलाचा वेग कमी केला, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले, नोकरी सोडण्याचे प्रमाण घटले आणि उत्पादनातही वाढ आढळली.

दिशेविषयी अभ्यासकांत आज मोठा मतभेद नाही. वेगाविषयी मात्र आहे. युटामधील प्रयोगात एकच पाळी तीन आठवडे ठेवण्यात आली होती. याउलट पीटर क्नाउट आणि योसेफ रुटेनफ्रांझ या जर्मन अभ्यासकांनी सलग रात्रपाळ्या शक्य तितक्या कमी, दोन-तीनच ठेवाव्यात, असा पुरस्कार केला. त्यांचा युक्तिवाद असा की रात्रपाळीचा कामगार सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर दिवसाच्या जीवनात परततो, म्हणून तीन आठवड्यांतही त्याचे शरीर रात्रीला पूर्णपणे सरावत नाही. मग सरावण्याचा प्रयत्नच कशाला करावा? दोन रात्रींचे झोपेचे ऋण लवकर फेडता येते, सात रात्रींचे साचत जाते. आपल्याकडील परिस्थितीत हा युक्तिवाद अधिक पटतो. दोन खोल्यांच्या घरात, मे महिन्याच्या उन्हात, मुलांचा वावर आणि नळाला येणारे पाणी सांभाळून दिवसा झोपणाऱ्याला सात दिवसांत सात पुऱ्या झोपा मिळत नाहीत.

४. चौथी तुकडी आणि आठ दिवसांचे चक्र

रात्रपाळीनंतरचा सांधा नीट करायचा, तर रात्रपाळी संपवणाऱ्या संपूर्ण तुकडीला एकाच वेळी सुट्टी द्यावी लागते. अर्ध्या तुकडीएवढे रिलीव्हर ती पोकळी भरून काढू शकत नाहीत. त्यासाठी चौथी तुकडी हवी. १६८ ला चारने भागले की प्रत्येक तुकडीचे सरासरी ४२ तास होतात. चार तुकड्यांचे सर्वात साधे चक्र आठ दिवसांचे आहे : दोन दिवस पहिली पाळी, दोन दिवस दुसरी, दोन दिवस रात्रपाळी आणि दोन दिवस सुट्टी. पुढील तक्त्यात 'प' म्हणजे पहिली पाळी, 'दु' म्हणजे दुसरी, 'रा' म्हणजे रात्रपाळी आणि 'सु' म्हणजे सुट्टी.

| तुकडी | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | प | प | दु | दु | रा | रा | सु | सु |
| ब | सु | सु | प | प | दु | दु | रा | रा |
| क | रा | रा | सु | सु | प | प | दु | दु |
| ड | दु | दु | रा | रा | सु | सु | प | प |

तक्ता तपासण्याची रीत सोपी आहे. कोणताही उभा स्तंभ घेतला तर त्यात प, दु, रा आणि सु प्रत्येकी एकदाच आले पाहिजेत. तसे आले तर त्या दिवशी कोणतीही पाळी रिकामी नाही आणि कोणतीही पाळी दुहेरी भरलेली नाही, हे सिद्ध होते. आडव्या ओळीत प्रत्येक तुकडीचे भाग्य समान आहे. फक्त प्रारंभाचा दिवस दोन-दोन दिवसांनी सरकलेला आहे.

आता सांधे मोजू. अ तुकडी दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला सुटून तिसऱ्या दिवशी दुपारी ३ ला येते : २४ तास. चौथ्या दिवशी रात्री ११ ला सुटून पाचव्या दिवशी रात्री ११ ला येते : २४ तास. सहाव्या दिवसाची रात्रपाळी सातव्या दिवशी सकाळी ७ ला संपते आणि पुढील पहिली पाळी नवव्या दिवशी सकाळी ७ ला सुरू होते : ४८ तास. एकूण ९६ तास झाले. आधीच्या रचनेत सांध्यांवर सारे मिळून ४८ तासच होते. तेथील साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्ये पडत असल्याने पाळीबदलाच्या उपयोगी येत नव्हती. येथे सुट्टी आहे ती नेमकी रात्रपाळीच्या पाठीशी. चौथ्या तुकडीचा खरा लाभ एवढाच आणि हाच आहे.

या ४८ तासांविषयी मात्र भ्रम नसावा. पहिल्या सुट्टीची सकाळ झोपेत जाते. त्या रात्री कामगार घरी झोपतो, दुसरी सुट्टी ही खऱ्या अर्थाने मोकळी असते आणि त्या रात्री पहाटे उठण्यासाठी लवकर निजावे लागते. तक्त्यात दोन सुट्ट्या दिसल्या तरी कामगाराच्या हाती एक अखंड दिवस आणि दोन रात्रींची झोप येते. साडेतीन तुकड्यांच्या रचनेतील रिलीव्हरला एकच रात्र मिळत होती, हे लक्षात घेतल्यास फरक मोठा आहे.

युरोपात यापेक्षा वेगळे, अठ्ठावीस दिवसांचे चक्रही प्रसिद्ध आहे. पहिल्या आठवड्यात सोमवार-मंगळवार पहिली पाळी, बुधवार-गुरुवार दुसरी आणि शुक्रवार ते रविवार रात्रपाळी; त्यानंतर सोमवार-मंगळवार सुट्टी, अशा दोन-दोन-तीनच्या गटांनी ते पुढे जाते. त्याचे आकर्षण असे की चार आठवड्यांतून एकदा शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी सलग सुट्टी मिळते. आठ दिवसांच्या चक्रात सुट्टी दर आठवड्याला एका वाराने पुढे सरकते. त्यामुळे आठ आठवड्यांत दोन रविवार मिळतात, पण शनिवार आणि रविवार जोडून केवळ एकदाच मिळतात.

तरीही अठ्ठावीस दिवसांचे चक्र आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येत नाही. त्यातील पहिल्या आठवड्यात सातही दिवस काम आहे, म्हणजे ५६ तास. पुढील तीन आठवड्यांत अनुक्रमे ४०, ४० आणि ३२ तास आहेत आणि सरासरी ४२ च आहे. परंतु आठवड्यातून सहा दिवसांहून अधिक काम नसावे या आपल्या नियमात सरासरीचा विचार नाही, प्रत्येक आठवड्याचा आहे. आठ दिवसांच्या चक्रात मात्र सलग कामाचे दिवस सहाच असतात. कोठूनही सात दिवस मोजले तरी त्यांत किमान एक सुट्टी येतेच. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाच्या हिशेबात धरावेत हा नियमही त्यास अनुकूल आहे. परकीय नमुना स्वीकारण्यापूर्वी त्यातील सर्वात वाईट आठवडा मोजावा, हा यातून निघणारा बोध आहे.

५. राखीव माणसांचा प्रश्न

येथपर्यंत प्रत्येक कामगार रोज हजर असतो असे गृहीत धरले होते. चार तुकड्यांची योजना कागदावर चांगली असूनही प्रत्यक्षात फसते ती याच गृहीतकामुळे.

आपल्या भट्टी विभागात बारा जागा आणि आठवड्याच्या एकवीस पाळ्या, म्हणजे २५२ माणस-पाळ्या भरायच्या आहेत. चार तुकड्यांत बारा-बारा मिळून अठ्ठेचाळीस माणसे नेमली. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला सरासरी सव्वापाच पाळ्या येतात. अठ्ठेचाळीस गुणिले सव्वापाच म्हणजे बरोबर २५२. आता पगारी रजा, आजारपण, लग्नकार्ये, सणवार मिळून दहा टक्के गैरहजेरी धरू. (हे प्रमाण येथे उदाहरणापुरते घेतले आहे. प्रत्येक कारखान्याने ते आपल्या गेल्या वर्षाच्या हजेरीपटावरून महिन्यागणिक काढावे. लग्नसराईत आणि दिवाळीत ते वार्षिक सरासरीहून वर जाण्याची शक्यता असते.) मग भरल्या जाणाऱ्या पाळ्या सुमारे २२७ च राहतात आणि दर आठवड्याला २५ पाळ्या रिकाम्या पडतात.

त्या कोण भरणार? सुट्टीवर असलेली तुकडी. अठ्ठेचाळीस माणसांवर पंचवीस पाळ्या वाटल्या, तर साधारणपणे प्रत्येकाची दर पंधरवड्यात एक सुट्टी जाते. कारखान्याच्या फलकावर चार तुकड्यांचे वेळापत्रक लावलेले असते. हजेरीपटावर मात्र पूर्वीची साडेतीन तुकड्यांची रचना परत येऊ लागते.

शिवाय ही बोलावणी कोणत्या वेळी येतात हेही पाहिले पाहिजे. पाचव्या दिवशी अ तुकडीतील रात्रपाळीचा एक कामगार आला नाही असे समजू. तक्त्यानुसार त्या दिवशी ड तुकडी सुट्टीवर आहे. पण ती दोन रात्रपाळ्या करून त्याच सकाळी ७ ला सुटली आहे. तिच्यातील माणसाला बोलावले, तर ती त्याची सलग तिसरी रात्र आणि सलग सातवा कामाचा दिवस होतो, आणि त्याच्या ४८ तासांपैकी शेवटचे २४ तास उरतात. हीच गैरहजेरी सहाव्या रात्री झाली, तर ड तुकडीतील मनुष्य बोलावताच येत नाही, कारण सातव्या दिवशी सकाळी ७ ला त्याची पहिली पाळी आहे. सांधा शून्य तासांचा होतो. दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या पाळीस बोलावले, तर सांधा आठ तासांचा होतो. दुसऱ्या सुट्टीस बोलावण्याजोगी पाळी एकच उरते, ती म्हणजे पहिली.

मग पर्यवेक्षक काय करतो? दुसऱ्या पाळीतील कामगाराला तो थांबवून घेतो. हीच कारखान्याच्या भाषेतील 'डबल'. दुपारी ३ ला आलेला मनुष्य सकाळी ७ पर्यंत, म्हणजे सोळा तास काम करतो, आणि त्यातले शेवटचे तास पहाटेचे असतात, जेव्हा शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वात खाली गेलेले असतात. भट्टीचे तापमान, इंधनाचा प्रवाह यांच्या नोंदी अशा वेळी एकसारख्या दिसू लागतात, कारण त्या वाचून लिहिलेल्या नसतात, मागील ओळीवरून उतरवलेल्या असतात.

यावर उपाय गणिताचाच आहे. बारा जागा रोज भरायच्या आणि दहा टक्के गैरहजेरी असेल, तर बारा भागिले ०.९ म्हणजे प्रत्येक तुकडीत १३.३ माणसे लागतात. प्रत्येक तुकडीत तेरा आणि सर्व जागांची कामे शिकलेली दोन माणसे जनरल पाळीत राखीव, अशी एकूण चौपन्न माणसे ठेवली तर सुट्टी ही सुट्टी राहते. साडेतीन तुकड्यांच्या रचनेलाही हाच भागाकार लावला तर बेचाळीसऐवजी सत्तेचाळीस माणसे लागतात. म्हणजे दोन प्रामाणिक रचनांतील अंतर सात माणसांचे आहे. व्यवस्थापनाने आणि संघटनेने वाटाघाटी करायच्या त्या या सात माणसांच्या वेतनावर. अठ्ठेचाळीस माणसांत चार तुकड्या चालवण्याचे आश्वासन दोन्ही पक्षांनी नाकारलेले बरे.

६. तपासणी व मर्यादा

नवे वेळापत्रक यशस्वी झाले की नाही हे मते विचारून पुरेसे कळत नाही. हजेरीपट ते अधिक स्पष्टपणे सांगतो. तीन महिन्यांनंतर त्यातून तीन गोष्टी मोजाव्यात : सुट्टीच्या दिवशी भरलेल्या पाळ्या, डबल झालेल्या पाळ्या, आणि एका माणसाच्या दोन पाळ्यांमधील अंतर सोळा तासांहून कमी असल्याचे प्रसंग. मूळ तक्त्यात यांपैकी तिन्हींची संख्या शून्य आहे. प्रत्यक्षातील संख्या जितकी वाढेल तितके कागदावरील वेळापत्रक आणि जगलेले वेळापत्रक यांतील अंतर वाढले असे समजावे. गैरहजेरी चक्रातील कोणत्या दिवशी अधिक आहे हेही पाहावे. ती पहिल्या पाळीच्या पहिल्या दिवशी साचत असेल, तर ४८ तासांचा सांधा अपुरा पडत आहे, किंवा तो मध्येच कापला जात आहे.

या रचनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा वेतनाची. रोजंदारीवरील कामगाराला आठवड्याला सहाऐवजी सव्वापाच पाळ्या मिळाल्या तर त्याची कमाई एक अष्टमांशाने घटते. दर वाढवून दिल्याशिवाय चौथी तुकडी आणली, तर कामगार स्वतःच जादा पाळ्या मागू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दुसरी मर्यादा दिनदर्शिकेची. आठ दिवसांचे चक्र वारांशी जुळत नाही. आठवडी बाजार, मुलांची शाळा, गावाकडची शेती ही सर्व वारांवर चालतात. म्हणून वर्षभराचा तक्ता छापून प्रत्येक कामगाराच्या घरी देणे आवश्यक ठरते. तिसरी मर्यादा पाळीच्या वेळेची. सकाळी ७ ऐवजी ६ ला पहिली पाळी सुरू केल्यास लांबून येणाऱ्याला पहाटे साडेचारच्या सुमारास उठावे लागते. माणसे त्या प्रमाणात रात्री लवकर झोपत नाहीत, आणि तो तास झोपेतून जातो. रात्री ११ ला सुटणाऱ्यांच्या वाहनाची सोयही याच हिशेबात धरावी लागते. संहितेने स्त्री कामगारांना त्यांच्या संमतीने सायंकाळी ७ नंतर व सकाळी ६ पूर्वीही कामाची मुभा दिली असल्याने ही बाब आता अधिक महत्त्वाची झाली आहे.

शेवटची मर्यादा मूलभूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शरीराची दैनंदिन लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचे २००७ मध्ये 'मानवासाठी बहुधा कर्ककारक' असे वर्गीकरण केले, आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत ते कायम ठेवले. कोणतेही वेळापत्रक रात्र नाहीशी करीत नाही. चार तुकड्यांच्या रचनेतही प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी वर्षाकाठी नव्वदच्या वर रात्री येतातच.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. साडेतीन तुकड्यांची प्रचलित रचना आठवड्याच्या ४८ तासांच्या नियमात बसते, परंतु तिच्यात पाळीबदलाचे सांधे ८ तासांवर येतात आणि पाळ्या मागे सरकवणे भाग पडते.

२. पुढे सरकणारी पाळी हवी असल्यास रात्रपाळीनंतर संपूर्ण तुकडीला सुट्टी द्यावी लागते. त्यासाठी चौथी तुकडी अपरिहार्य आहे. दोन-दोन दिवसांचे आठ दिवसांचे चक्र भारतीय कायद्याच्या चौकटीत सरळ बसते.

३. गैरहजेरीसाठी राखीव माणसे न धरता आखलेली चौथी तुकडी सुट्ट्यांच्या मोबदल्यात चालते. रचना आखताना प्रथम गैरहजेरीचा भागाकार करावा आणि तक्ता त्यानंतर मांडावा.

४. वेळापत्रकाची परीक्षा हजेरीपटावर घ्यावी. फलकावरील तक्ता कामगाराला दोन सुट्ट्या देतो; त्यांतील खरोखर किती त्याच्या हाती पडल्या, हे केवळ हजेरीपटच सांगू शकतो.